पाण्याच्या वेळेच्या मतचाचणीनंतरचे निवेदन पुन्हा लिहायचे आहे, मजकूर तपासून द्यावा

तळमजला

आमची कोथरूडमधील 132 घरांची गृहनिर्माण संस्था आहे. महापालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीत येते, तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि रखवालदार ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह उघडून ते घरोघरी सोडतो. गेली अनेक वर्षे संध्याकाळची वेळ पाच ते सात अशी आहे. नोकरीवरून उशिरा परतणाऱ्यांची तक्रार वाढल्याने 24 ते 31 मे या काळात आम्ही संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर मतचाचणी घेतली. प्रश्न होता, ‘संध्याकाळच्या पाण्यासाठी कोणती वेळ सोयीची आहे?’ पर्याय चार होते : पाच ते सात, साडेसहा ते साडेआठ, आठ ते दहा आणि ‘कोणतीही वेळ चालेल’. एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मुभा होती.

निकाल आणि त्यावरून घेतलेला निर्णय कळवणारे निवेदन लिहिण्याचे काम व्यवस्थापक समितीने माझ्याकडे दिले आहे. माझा पहिला मसुदा असा आहे :

> सर्व सभासदांना नमस्कार! आपल्या मतचाचणीला प्रचंड प्रतिसाद मिळाला, त्याबद्दल सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकूण 141 मते आली. बहुसंख्य सभासदांनी, म्हणजे 43 टक्के, साडेसहा ते साडेआठ या वेळेला पसंती दिल्याने समितीने येत्या सोमवारपासून वेळेत बदल करण्याचे ठरवले आहे. तसेच गच्चीवरील टाकीची क्षमता वाढवणे, टँकरचा ठेकेदार बदलणे इत्यादी सूचनांवरही सकारात्मक विचार सुरू आहे. ज्यांची गैरसोय होईल त्यांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती.

समितीतील दोघांनी तो वाचून ‘काहीतरी खटकते आहे’ एवढेच सांगितले. काय खटकते ते मला नेमके धरता आलेले नाही, म्हणून येथे विचारते आहे. व्हॉट्सॲपवर दिसणारे आकडे असे आहेत : पाच ते सात 37, साडेसहा ते साडेआठ 61, आठ ते दहा 26 आणि कोणतीही वेळ 17.

बाणेरवासी

वेळ बदलून काहीही होणार नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी मुळातच पुरत नाही आणि दर आठवड्याला टँकर मागवावे लागतात. तुम्ही आधी टाकीची क्षमता वाढवा आणि पाणी किती येते ते मोजण्यासाठी मीटर बसवा, मग वेळेचा प्रश्न आपोआप सुटेल. आमच्या संस्थेने टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ज्या फेऱ्यांचे पैसे आम्ही भरत होतो त्यांतील काही फेऱ्या आलेल्याच नव्हत्या, असे लक्षात आले.

तळमजला

आपला नोंदवहीचा अनुभव महत्त्वाचा आहे आणि तो मी समितीला सांगेन. मात्र आमच्याकडे पाणी पुरते, प्रश्न केवळ ते कोणत्या वेळी सोडायचे याचा होता आणि तो निर्णय झालेला आहे. तो लोकांना कसा कळवावा, एवढेच मला विचारायचे आहे.

हिशेबनीस

ताई, खटकते आहे ते ‘43 टक्के’ आणि ‘बहुसंख्य’ हे एकाच वाक्यात आल्यामुळे. 43 टक्के बहुसंख्य कसे, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतो आणि पुढचे वाक्य तो संशयानेच वाचतो. प्रत्यक्षात तुमचा निर्णय या आकड्यावरून वाटतो त्याहून कितीतरी भक्कम असण्याची शक्यता आहे, कारण चूक मोजणीत आहे.

तुम्ही 61 ला 141 ने भागले आहे. परंतु 141 ही माणसांची संख्या नाही, ती खुणांची संख्या आहे. ज्याने तीन पर्याय निवडले, त्याच्या तीन खुणा त्यात आल्या. एकाहून अधिक पर्याय निवडता येत असतील, तेव्हा भाजक नेहमी उत्तर देणाऱ्यांची संख्या असला पाहिजे, आणि मग टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर गेली तरी ते चूक नसते. व्हॉट्सॲप प्रत्येक पर्यायासमोर केवळ खुणा दाखवते, म्हणून ही गफलत सहज होते.

यापुढे आणखी एक प्रश्न आहे. पाणी घराला मिळते, माणसाला नाही. गटात एकाच घरातले दोघे असतील आणि दोघांनीही मत दिले असेल, तर ते घर दोनदा मोजले गेले. मतचाचणीखालच्या ‘View votes’वर बोट ठेवले की नावे दिसतात. संध्याकाळी बसून सदनिका क्रमांकाप्रमाणे यादी करा. काम तासाभराचे आहे, पण ते केल्याशिवाय निवेदन लिहू नका. आणि यादी करताना कोणत्या दिवशी, किती वाजता केली ते नोंदवा, कारण व्हॉट्सॲपवर मत नंतरही बदलता येते आणि उद्या कोणी गट उघडून पाहिला, तर त्याला वेगळा आकडा दिसू शकतो.

कायदेपालक

मुळात या मतचाचणीला कायदेशीर आधारच नाही. आदर्श उपविधींनुसार दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते. शिवाय भाडेकरूंनाही मत देऊ दिले असेल, तर संपूर्ण प्रक्रियाच रद्द समजावी लागेल, कारण मताचा अधिकार सभासदालाच असतो. निवेदन लिहिण्याऐवजी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा.

हिशेबनीस

यातील अर्धी गोष्ट बरोबर आहे. मतचाचणी म्हणजे सभा नव्हे आणि तिचा निकाल हा संस्थेचा ठराव नव्हे, हे निवेदनात चुकूनही वेगळे वाटता कामा नये. ‘सभासदांनी ठरवले’ असे लिहिणे त्यामुळेच चूक ठरेल. निर्णय समितीने घेतला, मतचाचणी हा त्याचा आधार होता, असेच लिहावे. परंतु गणपूर्तीचा नियम सर्वसाधारण सभेला आहे आणि तो दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, असा आहे. 132 घरांच्या संस्थेत 20 सभासद पुरतात. व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा हा दैनंदिन व्यवस्थेचा भाग आहे, त्यासाठी सभा बोलावण्याची गरज मला दिसत नाही. टाकी वाढवण्याचा खर्च करायचा असेल, तर मात्र सभेपुढे जावेच लागेल.

भाडेकरूंबद्दल बोलायचे, तर नळाखाली बादली तेच लावतात. त्यांना विचारले हे योग्यच झाले. त्यामुळे ‘सभासद’ हा शब्द काढून सर्वत्र ‘घरे’ लिहा, म्हणजे मोजणीही बरोबर होईल आणि हा वादही उरणार नाही.

कायदेपालक

20 चा उल्लेख माझ्याकडून राहिला, हे मान्य करतो. तरीही समितीच्या बैठकीत या निर्णयाची इतिवृत्तात नोंद झाली पाहिजे आणि निवेदनावर त्या बैठकीची तारीख असली पाहिजे, यावर मी ठाम आहे.

तळमजला

बैठक 2 जूनला झाली आणि नोंद झालेली आहे, ती तारीख मी घालते.

काल रात्री यादी केली. मत देणारी माणसे 97 निघाली. त्यांतील 14 घरांतून दोघांनी मत दिले होते, म्हणजे घरे 83 झाली. दोघांची उत्तरे वेगळी असतील, तेथे दोन्ही पर्याय त्या घराच्या नावावर एकेकदा धरले. आता आकडे असे आले : पाच ते सात 31 घरे, साडेसहा ते साडेआठ 54, आठ ते दहा 22 आणि कोणतीही वेळ 14. हे 14 जण दुसरा कोणताही पर्याय निवडून बसलेले नाहीत. 83 पैकी 54 म्हणजे 65 टक्के, असे लिहू का?

मुठेकाठ

54 मध्ये ‘कोणतीही वेळ चालेल’ म्हणणारी 14 घरे मिळवा, त्यांनाही ही वेळ चालणारच आहे. 68 घरे म्हणजे 82 टक्के होतात. मोठा आकडा दिसला, की विरोध करणारे गप्प बसतात.

हिशेबनीस

मिळवायचे असतील, तर ते 14 प्रत्येक वेळेत मिळवावे लागतील, कारण त्यांना जुनी वेळही तितकीच चालणार आहे. केवळ आपल्या आवडत्या पर्यायात मिळवले, तर ज्याला गणित येते तो एका मिनिटात ते पकडेल आणि मग खरे आकडेही खोटे ठरतील. निकालात 54 आणि 14 वेगवेगळेच लिहा.

ताई, आता तुम्हाला एक उलटी मोजणी करायला सांगतो, कारण निर्णयाचे खरे कारण तेथे सापडते. कोणत्या वेळेला किती जणांनी होकार दिला ते झाले. त्याच यादीवरून प्रत्येक वेळ किती घरांना गैरसोयीची ठरते, म्हणजे ज्या घराने ती वेळही निवडली नाही आणि ‘कोणतीही’ हेही निवडले नाही, अशी घरे किती, ते काढा. विशेषतः केवळ पाच ते सात हाच पर्याय निवडणारी घरे किती, ते मला हवे आहे. बदलाचा त्रास त्यांना होणार आहे.

तळमजला

केवळ पाच ते सात निवडणारी 12 घरे आहेत. उरलेल्या 19 घरांनी त्यासोबत साडेसहा ते साडेआठही निवडले आहे. केवळ आठ ते दहा निवडणारी तीनच घरे आहेत, त्या पर्यायातील बाकीच्या 19 जणांनाही साडेसहा चालते.

म्हणजे जुनी वेळ ठेवली असती, तर ती 38 घरांना गैरसोयीची होती. नवी वेळ 15 घरांना गैरसोयीची आहे. आठ ते दहा केले असते, तर ती संख्या 47 झाली असती. मी दोनदा मोजले. खरे सांगायचे तर हे पाहून मला फार बरे वाटले, कारण निर्णय योग्य आहे हे मला जाणवत होते, पण ते सांगता येत नव्हते.

हिशेबनीस

38 विरुद्ध 15. हेच तुमच्या निवेदनाचे कारण-वाक्य. टक्केवारीची आता गरजही उरत नाही. 83 घरांच्या मोजणीत ‘54 घरे’ हे ‘65 टक्के’पेक्षा अधिक स्पष्ट आहे. आणि ‘बहुसंख्य’ हा शब्द कोठेही वापरू नका. 132 घरांपैकी 49 घरांनी उत्तरच दिलेले नाही. एकूण घरांशी ताडून पाहिले, तर 54 हे निम्म्याहून कमी भरतात. 49 घरे गप्प राहिली म्हणजे त्यांची संमती आहे असेही नाही आणि विरोध आहे असेही नाही. त्यांनी उत्तर दिले नाही, एवढेच लिहावे.

पर्वतीपायथा

मी स्वतः सत्तरीच्या पुढची आहे आणि आमच्या इमारतीत असाच बदल झाला, तेव्हा मी त्या ‘केवळ जुनी वेळ’वाल्यांपैकी होते, म्हणून लिहिते. माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी साडेपाचला येत असत आणि पुढच्या घरी साडेसहाला त्यांना पोहोचायचे असे. वेळ बदलल्यावर दोन महिने मी पिंपात पाणी भरून ठेवत होते. ‘गैरसोय होईल त्यांनी सहकार्य करावे’ हे वाक्य तेव्हा मला फार लागले होते. सहकार्य म्हणजे मी नेमके काय करायचे, हे कोणी सांगितले नव्हते आणि कोणाला सांगायचे तेही कळत नव्हते. तुम्ही त्या 12 घरांचा उल्लेख निवेदनात जरूर करा आणि त्यांनी कोणाशी बोलायचे ते लिहा. आणखी एक सांगते, आमच्यासारख्या अनेकांकडे व्हॉट्सॲप नसते, तेव्हा निवेदन लिफ्टजवळच्या फलकावरही मोठ्या अक्षरांत लावा.

तळमजला

काकू, आपण लिहिलेत ते फार बरे झाले. त्या 12 पैकी किमान चार घरांत एकटे राहणारे ज्येष्ठ आहेत, हे यादीवरून मला दिसते आहे. इमारतीनुसार आकडे दिले, तर त्यांच्याशी बोलणे सोपे होईल का?

हिशेबनीस

इमारतीनुसार देऊ नका. एखाद्या इमारतीत अशी दोनच घरे निघाली, तर सगळ्यांना नावे कळतील आणि बदलाला आडवे येणारे म्हणून ती घरे ओळखली जातील.

मुठेकाठ

गटावर नावे सगळ्यांना दिसतातच. मग निवेदनात लपवून काय साधणार?

हिशेबनीस

गटावर ती शोधणाऱ्याला दिसतात. फलकावर लावलेला कागद प्रत्येक येणारा-जाणारा वाचतो आणि त्याचे छायाचित्र काढून पुढे पाठवतो. मला हा फरक मोठा वाटतो, आपल्याला वाटत नसेल तर त्यावर माझा आग्रह नाही.

मुठेकाठ

मला तो अजूनही पटलेला नाही. ज्यांनी उघड मत दिले, त्यांना ते उघड राहण्याची कल्पना होतीच.

सदाफुली

मी मजकुराबद्दल नाही, निर्णयाबद्दल एक विचारते, कारण आमच्याकडे यावरून मोठा घोटाळा झाला होता. तुमच्या रखवालदारांची पाळी रात्री आठला बदलते का? आमच्याकडे आठला बदलते. दिवसपाळीच्या माणसाने व्हॉल्व्ह उघडला आणि आठ वाजता तो निघून गेला. रात्रपाळीच्या माणसाला वाटले, की बंद करूनच गेला असेल. कोणाच्या तरी न्हाणीघरात नळ उघडा राहिला होता. सकाळी सहाला गच्चीवरची टाकी कोरडी पडलेली होती आणि त्या दिवशी गुरुवार, म्हणजे महापालिकेचे पाणीही बंद होते.

तळमजला

आमच्याकडेही पाळी आठलाच बदलते. जुनी वेळ सातला संपत असल्याने हा प्रश्न कधी आलाच नव्हता. आज समितीशी बोलून ठरवले, की साडेआठला व्हॉल्व्ह बंद करण्याची जबाबदारी रात्रपाळीच्या रखवालदाराची राहील आणि तो पाळीच्या वहीत वेळ लिहून सही करील. ही गोष्ट निवेदनात घालावी का? निवेदन लांबेल, अशी भीती वाटते.

सदाफुली

एका वाक्यात घाला. साडेआठनंतरही पाणी येत राहिले, तर ते चुकीने येते आहे हे रहिवाशांना कळले पाहिजे, म्हणजे ते खाली फोन करतील.

हिशेबनीस

सहमत. गुरुवारचेही एक वाक्य हवे. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद राहिले, की शुक्रवारी ते ‘उशिरा व कमी दाबाने’ येते, हे पुणेकरांना पाठ आहे. पण नव्या वेळेच्या पहिल्याच आठवड्यात तसे झाले, तर लोक दोष नव्या वेळेला देतील.

टाकीची क्षमता आणि टँकरचा ठेकेदार या दोन्ही गोष्टी मात्र काढून टाका. मतचाचणीत ते प्रश्नच नव्हते. ‘सकारात्मक विचार सुरू आहे’ असे लिहिले, की पुढच्या महिन्यात लोक त्याचे काय झाले ते विचारतील आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. ‘पसंती’ हा शब्दही बदला. तुम्ही ‘सोयीची’ असे विचारले होते. तीन वेळा सोयीच्या असू शकतात, त्यांतली पसंतीची एखादीच असते. जे विचारले त्याच शब्दात निकाल द्यावा.

तळमजला

सर्वांच्या सूचना घेऊन पुन्हा लिहिले आहे :

> संध्याकाळच्या पाण्याची वेळ सोमवार, 8 जूनपासून साडेसहा ते साडेआठ अशी राहील. सकाळच्या वेळेत बदल नाही.
>
> ‘संध्याकाळच्या पाण्यासाठी कोणती वेळ सोयीची आहे?’ असे आपण 24 ते 31 मे या काळात विचारले होते. एकाहून अधिक वेळा निवडता येत होत्या. 132 घरांपैकी 83 घरांनी उत्तर दिले, 49 घरांचे उत्तर आले नाही. एका घरातून दोन मते आली असल्यास ते घर एकदाच मोजले आहे.
>
> साडेसहा ते साडेआठ ही वेळ 54 घरांनी सोयीची म्हणून निवडली, पाच ते सात 31 घरांनी आणि आठ ते दहा 22 घरांनी. कोणतीही वेळ चालेल, असे 14 घरांनी कळवले.
>
> जुनी वेळ ठेवल्यास ती उत्तर दिलेल्या घरांपैकी 38 घरांना गैरसोयीची ठरत होती, नवी वेळ 15 घरांना गैरसोयीची ठरते. या कारणास्तव व्यवस्थापक समितीने 2 जूनच्या बैठकीत हा निर्णय घेतला.
>
> 12 घरांना केवळ पाच ते सात हीच वेळ सोयीची आहे, याची समितीला जाणीव आहे. या घरांनी आणि ज्यांचे उत्तर राहून गेले त्यांनी आपली अडचण रविवार, 7 जूनपर्यंत कार्यालयात किंवा समितीच्या कोणत्याही सदस्याकडे सांगावी.
>
> साडेआठला व्हॉल्व्ह रात्रपाळीचे रखवालदार बंद करतील. त्यानंतरही पाणी येत राहिल्यास खाली कळवावे. महापालिकेचा पुरवठा बंद असलेल्या गुरुवारी आणि त्यानंतरच्या शुक्रवारी ही वेळ पाळता येईलच असे नाही.
>
> ही वेळ 30 जूनपर्यंत चालवून जुलैच्या पहिल्या बैठकीत पुन्हा पाहिली जाईल.

पर्वतीपायथा

आता मला वाचता वाचता सगळे कळले. केवळ एक सुचवते. अडचण सांगितल्यावर काय होणार, ते लिहिलेले नाही. वेळ पुन्हा बदलणार नसेल, तर तसे स्पष्ट लिहा, नाहीतर बिचारे आशेने येतील.

तळमजला

खरे आहे. वेळ 30 जूनपर्यंत बदलणार नाही. परंतु ज्येष्ठांच्या घरी पाचच्या सुमारास पाणी लागत असेल, तर तळमजल्यावरच्या नळावरून दोन बादल्या वर पोहोचवण्याची व्यवस्था रखवालदाराकडून करता येईल, असे समितीने मान्य केले आहे. त्या परिच्छेदाच्या शेवटी हे वाक्य जोडते : ‘वेळ 30 जूनपर्यंत हीच राहील, ज्यांना पाचच्या सुमारास पाणी लागते, त्यांना ते घरपोच देण्याची सोय केली जाईल.’

कायदेपालक

निवेदनाखाली सचिवांची सही आणि तारीख असावी. बाकी मजकुरावर माझी हरकत नाही.

मुठेकाठ

एक शंका राहते. 14 घरांत दोघांनी मत दिले आणि दोघांचे पर्याय वेगळे असले, तरी तुम्ही दोन्ही पर्याय त्या घराला सोयीचे धरलेत. नवऱ्याला साडेसहा चालते आणि बायकोला पाचच हवे असेल, तर ते घर ‘गैरसोय नाही’ यात गेले. प्रत्यक्षात पाणी भरणारी बायको असेल, तर तेथे गैरसोय आहेच.

हिशेबनीस

ही शंका रास्त आहे आणि माझ्याकडे तिचे नीट उत्तर नाही. अशी घरे किती आहेत, ताई?

तळमजला

यादी पाहून सांगते. पाच घरे आहेत. पाचही घरांची गैरसोय धरली, तरी 15 चे 20 होतात आणि 38 च्या तुलनेत ते कमीच राहतात, त्यामुळे निर्णय बदलत नाही. तरी उद्या निवेदन लावण्यापूर्वी त्या पाच घरी मी स्वतः जाऊन विचारणार आहे, आणि 15 हा आकडा बदलला तर बदलून लिहीन.